बोललेले आणि लिहिलेले

कचेरीत हल्ली एक नवे काम वाढले आहे. वरिष्ठ अधिकारी गाडीतून उतरता उतरता भ्रमणध्वनीवर दोन-चार मिनिटे बोलून ठेवतात आणि कनिष्ठाला सांगतात, ‘‘याचा नीट मेल करून मोठ्या साहेबांना पाठवा.’’ फोन ते बोलणे अक्षरांत उतरवून देतो. पडद्यावर मग विरामचिन्हे नसलेला, आठवेल तसा सांगितलेला, मध्येच चहा-पाण्याकडे वळलेला मजकूर येतो. त्यातून दहा-पंधरा ओळींचे नेटके पत्र काढायचे असते.

हे काम वरवर भाषेचे वाटते. फापटपसारा काढला, वाक्ये सुधारली की झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात शब्द गाळताना शब्दांबरोबर शंकाही गळून जाते, आणि खरी अडचण तेथे उभी राहते. ‘ते म्हणाले’, ‘बहुतेक’, ‘मी पाहिले नाही’ हे तुकडे ऐकताना भरताडासारखे वाटतात. ते काढले की वाक्य सुटसुटीत होते. मात्र ऐकीव गोष्ट पाहिलेली ठरते आणि अंदाज निष्कर्ष होऊन बसतो. बँकेतील एक उदाहरण तपशिलाने पाहिले म्हणजे हे उमगेल. व्यापारी कुटुंबांना त्यातील दुसरी बाजूही ओळखीची वाटेल, कारण अशा पत्रात ज्याच्याविषयी लिहिले जाते तो खातेदार त्यांच्यापैकीच कोणी असतो.

समजा, एका बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनी गुरुवारी, 9 ऑक्टोबर 2025 रोजी, डाळीच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामाची पाहणी केली. पेढीला मालाच्या तारणावर साठ लाख रुपयांची कॅश क्रेडिट मर्यादा आहे. दिवाळीच्या खरेदीसाठी तिला आणखी दहा लाख तात्पुरते हवे आहेत. परतीच्या वाटेवर शाखाधिकाऱ्यांनी शाखेतील कनिष्ठ अधिकारी बाईंसाठी बोलून ठेवले, आणि फोनने ते असे उतरवले:

‘‘हं बघा साहेबांना मेल करायचाय आजच नको उद्या सकाळी गेला तरी चालेल तर मी आत्ता तिथूनच निघालोय ऊन फार आहे बाजारात गर्दी सगळी दिवाळीची तर गोदाम बघितलं तू डाळ आहे सगळी पोती मोजली आपल्या माणसानं साडेआठशे नाही नाही नऊशे नऊशे भरली पत्रकात बाराशे दाखवलीत मग मी विचारलं तर म्हणाले एका बाजूचे पत्रे बदलायचं काम चाललंय म्हणून तीनशे महिन्याच्या गोदामात हलवलीत मागच्या आठवड्यात ते काही मी बघितलं नाही किल्लीही नव्हती तिथं चहा घेतला त्यांच्या मुलाचा साखरपुडा झाला बरं का पेढे दिलेत शाखेत वाटा तर त्यांना दहा लाख हवेत दिवाळीपुरते दोन महिने म्हणजे साठ दिवस धरा खात्यात येणे बाकी अठ्ठ्याण्णव आहे साठची लिमिट आणि हो विम्याचं ते परवाचं आहे ते बघा माणूस चोख आहे चेक कधी परत नाही गेला बाजारात कुणीतरी म्हणत होतं भावाभावांत वाटणी होणार म्हणे ते राहू दे मला वाटतं द्यावेत पण आधी ते दुसरं गोदाम बघू सोमवारी बघतो मी आणि तोवर ड्रॉइंग पॉवरचं काय करायचं ते साहेबांना विचारा’’

मजकूर लांब नाही, तरी त्यात सहा-सात निरनिराळ्या जातीची विधाने एकाच दोऱ्यात ओवलेली आहेत. पहिले काम ते ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकत मजकूर तपासण्याचे. अक्षरांत उतरलेला मजकूर म्हणजे मूळ बोलणे नव्हे. ती यंत्राने केलेली नक्कल आहे. ‘तू डाळ’ म्हणजे तूरडाळ, हे कोणाच्याही लक्षात येते. ‘महिन्याच्या गोदामात’ या शब्दांना मात्र अर्थ लागत नाही. जेथे शब्द ओळखीचे असूनही अर्थ लागत नाही, तेथे यंत्राने जवळच्या उच्चाराचा शब्द घातलेला असण्याची शक्यता मोठी असते. मुद्रण ऐकल्यावर कळते की मूळ शब्द ‘मेहुण्याच्या’ असा आहे.

आकड्यांच्या चुका अधिक फसव्या असतात, कारण चुकलेला आकडाही आकडाच दिसतो. येणे बाकी ‘अठ्ठ्याण्णव’ असेल तर ती साठ लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेली, आणि तसे असते तर शाखाधिकारी इतक्या सहजपणे बोललेच नसते. ही विसंगती हीच खूण. येथे मुद्रणावरही विसंबू नये, कारण बोलणाऱ्याची जीभही घसरू शकते. खातेवही पाहावी. तेथे अठ्ठावन्न लाख सापडतात. साठ आणि सात, अठ्ठावन्न आणि अठ्ठ्याण्णव, एकोणसाठ आणि एकोणसत्तर अशा जोड्या मराठीत पुष्कळ आहेत. म्हणून ज्या आकड्याची नोंद दप्तरात आहे, तो दप्तरातूनच घ्यावा, कानावरून नव्हे.

‘साडेआठशे नाही नाही नऊशे’ येथे बोलणाऱ्याने स्वतःच दुरुस्ती केली आहे. बोलण्यात नंतरचा आकडा खरा मानण्याचा प्रघात आहे, पण हा आकडा मोजणीचा आहे आणि त्यावर पुढचा सारा हिशेब उभा राहणार आहे. मोजणाऱ्या कर्मचाऱ्याच्या चिठ्ठीवरून तो पक्का करून घेतला पाहिजे. चिठ्ठीत नऊशेच आहेत.

यानंतर तारखा. मराठीतला ‘परवा’ दोन्हीकडे चालतो. होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा. विम्याची मुदत मंगळवारी संपून गेली की शनिवारी संपणार आहे, हे या मजकुरावरून कळत नाही. शिवाय बोलणे गुरुवारचे आणि पत्र शुक्रवारचे, त्यामुळे शब्द तसाच उचलला तर वाचणारा रविवार समजेल. विम्याचा कागद काढून पाहिला तेव्हा मुदत 11 ऑक्टोबर, शनिवार, अशी निघाली. तो महिन्यातला दुसरा शनिवार. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात आणि पाठोपाठ रविवार येतो. म्हणजे नूतनीकरणाचे काम शुक्रवारीच उरकले पाहिजे. बोलण्यात ‘आणि हो’ म्हणून शेवटी आठवलेली ही गोष्ट त्या दिवशीच्या सर्वांत तातडीच्या कामांपैकी एक ठरते. आज, उद्या, परवा, मागच्या आठवड्यात हे शब्द पत्रात येऊच नयेत. त्यांच्या जागी वार आणि तारीख यावी.

आता वर्गवारी. प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न ठेवायचा: हे कशावरून कळले? नऊशे पोती मोजली, हे पाहिलेले. पत्रकात बाराशे आहेत, हे कागदावरचे. तीनशे पोती मेहुण्यांच्या गोदामात आहेत, हे खातेदाराने सांगितलेले. माणूस चोख आहे, हे मत. भावाभावांत वाटणी, ही बाजारातली कुजबुज. दहा लाख हवेत, ही मागणी. ड्रॉइंग पॉवरचे काय करायचे, हा वरिष्ठांसमोरचा प्रश्न. साखरपुडा आणि पेढे ही शाखेतील माणसांसाठीची गोड बातमी. पत्रात तिला जागा नाही, पण पेढे मात्र वाटले गेले पाहिजेत.

तीनशे पोत्यांवर सारे अडलेले आहे, हे पाहण्यासाठी छोटा हिशेब पुरतो. ड्रॉइंग पॉवर म्हणजे तारण मालाच्या किमतीतून बँकेचे मार्जिन वजा करून उरणारी, प्रत्यक्षात उचलता येणारी रक्कम. उधारीचे आणि देण्याचे आकडे येथे सोयीसाठी बाजूला ठेवू. पत्रकातला दर पोत्याला सात हजार रुपये आणि मार्जिन पंचवीस टक्के. बाराशे पोत्यांची किंमत चौऱ्याऐंशी लाख आणि त्यावर ड्रॉइंग पॉवर त्रेसष्ट लाख. म्हणजे साठ लाखांची पूर्ण मर्यादा वापरता येते आणि अठ्ठावन्न लाखांची बाकी नियमात बसते. नऊशे पोत्यांची किंमत त्रेसष्ट लाख, त्यावर ड्रॉइंग पॉवर सव्वासत्तेचाळीस लाख. तेच खाते आता पावणेअकरा लाखांनी मर्यादेबाहेर गेलेले दिसते.

म्हणून या एका बाबीवर वाक्य कसे लिहिले जाते याला मोल आहे. घाईने ‘गोदामात 300 पोती कमी आढळली’ एवढेच लिहिले, तर वाक्य खरे असूनही वाचणाऱ्याला माल नाहीसा झाल्यासारखे वाटेल. वरचे कार्यालय त्याच दिवशी ड्रॉइंग पॉवर खाली आणील, आणि दिवाळीच्या तोंडावर पेढीचे धनादेश परत जाऊ लागतील. बाजारात पत कशी जाते हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. उलट ‘300 पोती दुसऱ्या गोदामात ठेवलेली आहेत’ असे लिहिले, तर जे कोणीच पाहिले नाही त्याला बँकेने दुजोरा दिला असे होईल. माल तेथे नसला तर नुकसान बँकेचे आणि जबाबदारी सही करणाऱ्याची. बोलण्यात शाखाधिकाऱ्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या, ‘ते म्हणाले’ आणि ‘मी बघितलं नाही’. मसुदा करणाऱ्याने त्यातली एकही सोडता कामा नये.

मताचे काय करावे? ‘माणूस चोख आहे’ हे वाक्य वरिष्ठांच्या उपयोगाचे नाही, पण त्यामागचा आधार उपयोगाचा आहे. ‘चेक कधी परत नाही गेला’ यातला ‘कधी’ तपासता येत नाही. खात्याचा मागील बारा महिन्यांचा उतारा तपासता येतो. त्यात शिल्लक अपुरी म्हणून परत गेलेला धनादेश नाही, असे दिसले तर तेवढेच लिहावे. विशेषणापेक्षा ही ओळ खातेदाराच्या अधिक कामाची आहे.

वाटणीची कुजबुज हा नाजूक भाग. भागीदारी पेढीत वाटणी झाली तर बँकेच्या दृष्टीने ती महत्त्वाची घटना असते. कागदपत्रे नव्याने करावी लागतात. म्हणून ती गोष्ट क्षुल्लक नव्हे. परंतु कोणीतरी म्हणत होते, एवढ्या आधारावर ती लेखी नोंदीत गेली की वर्षानुवर्षे त्या खात्याच्या फाइलीत राहते आणि पुढचा प्रत्येक अधिकारी ती खरी समजून वाचतो. शाखाधिकाऱ्यांनीही ‘ते राहू दे’ म्हटले आहे. योग्य मार्ग असा की सोमवारी खातेदारालाच सरळ विचारावे, आणि वरिष्ठांना सांगणे आवश्यक वाटले तर शाखाधिकाऱ्यांनी ते तोंडी सांगावे. मसुदा करणाऱ्याने यावर स्वतः निर्णय घेऊ नये; गाळलेली बाब त्यांच्या लक्षात आणून द्यावी.

एक जागा मात्र मुद्रणात रिकामीच आहे. ड्रॉइंग पॉवरबाबत ‘साहेबांना विचारा’ असे सांगितले, पण शाखेचे स्वतःचे म्हणणे सांगितले नाही. वरिष्ठाला नुसता प्रश्न पाठवला की उलट प्रश्न येतो, ‘तुमची शिफारस काय?’ आणि त्यात दिवस जातो. ही शिफारस मसुदा करणाऱ्याने मनाने घालायची नसते. बाईंनी फोन करून विचारले, तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी सांगितले की सोमवारपर्यंत सध्याची मर्यादा ठेवावी, परंतु बाकी आजच्या आकड्यापुढे जाऊ देऊ नये. मेहुण्यांच्या गोदामाला विम्यात घेण्याचा मुद्दाही त्याच वेळी निघाला. आगीचा विमा सामान्यतः पॉलिसीत नमूद केलेल्या जागेतील मालालाच लागू असतो, आणि हलवलेला माल आज विम्याबाहेर असू शकतो.

एवढे झाल्यावर लिहायला फारसा वेळ लागत नाही. पत्र तयार झाले ते असे:

विषय: डाळ व्यापार खाते, कॅश क्रेडिट ₹60 लाख. ड्रॉइंग पॉवरबाबत आज, दि. 10 ऑक्टोबर रोजी निर्णय हवा

महोदय,

या खात्याबाबत दोन बाबींवर आपला निर्णय अपेक्षित आहे.

1. ड्रॉइंग पॉवर आज कमी करावी, की सोमवार, दि. 13 ऑक्टोबरच्या पाहणीपर्यंत सध्याची ठेवावी? शाखेची शिफारस: सोमवारपर्यंत सध्याची ठेवावी, मात्र येणे बाकी ₹58 लाखांपुढे जाऊ देऊ नये.

2. खातेदारांनी 60 दिवसांसाठी ₹10 लाखांची तात्पुरती वाढ मागितली आहे. शाखेचा कल अनुकूल आहे. तथापि सोमवारच्या पाहणीनंतरच निर्णय व्हावा.

कारण: गुरुवार, दि. 9 ऑक्टोबर रोजी गोदामात तूरडाळीची 900 पोती मोजली. सप्टेंबरअखेरच्या पत्रकात 1,200 आहेत. छपराच्या कामामुळे 300 पोती नातेवाइकांच्या गोदामात हलवल्याचे खातेदारांनी सांगितले. गोदामात छपराचे काम चालू असल्याचे दिसले. दुसऱ्या गोदामाची पाहणी अद्याप झालेली नाही. ती मी सोमवारी सकाळी करीन.

परिणाम: 1,200 पोत्यांवर ड्रॉइंग पॉवर ₹63 लाख, मोजलेल्या 900 पोत्यांवर ₹47.25 लाख (दर ₹7,000, मार्जिन 25 टक्के). येणे बाकी ₹58 लाख.

विमा: मुदत शनिवार, दि. 11 ऑक्टोबर रोजी संपते. त्या दिवशी सुट्टी असल्याने आजच नूतनीकरण करून दुसरे गोदाम त्यात समाविष्ट करण्यास खातेदारांना कळवले आहे.

मागील 12 महिन्यांत शिल्लक अपुरी असल्याने एकही धनादेश परत गेलेला नाही.

आपला,
शाखाधिकारी

पत्राचा क्रम बोलण्याच्या क्रमाच्या जवळजवळ उलटा आहे. बोलणारा जसे घडले तसे सांगत जातो आणि करायचे काय ते शेवटी आठवते. वाचणाऱ्या वरिष्ठाला आधी आपल्याकडून काय हवे आहे ते कळले पाहिजे, मग कारण, मग आकडे. विषयाच्या ओळीत ‘गोदाम पाहणीबाबत’ असे लिहिले असते तर दिवसभरात येणाऱ्या ढिगात ते पत्र संध्याकाळपर्यंत पडून राहिले असते. निर्णय कोणता आणि केव्हापर्यंत, हे विषयातच आल्यामुळे ते आधी उघडले जाते.

‘काम चालू असल्याचे दिसले’ ही ओळ मुद्रणात नव्हती. खातेदाराच्या सांगण्याला आधार देणारी एखादी गोष्ट डोळ्यांनी पाहिली का, असे बाईंनी फोनवर विचारले तेव्हा शाखाधिकाऱ्यांना आठवले की काढलेले पत्रे दाराशी रचून ठेवले होते. बोलताना माणूस पाहिलेले सगळे सांगत नाही. विचारले तर सांगतो. त्याचप्रमाणे ‘मेहुण्यांचे’ ऐवजी ‘नातेवाइकांचे’ लिहिले, कारण नेमके नाते निर्णयाला लागत नाही. गोदामाचा पत्ता लागतो, तो पाहणी अहवालात येईल.

पाठवण्यापूर्वी दोन गोष्टी उरतात. मसुदा ज्यांच्या नावाने जाणार, त्यांनी तो शेवटपर्यंत वाचलाच पाहिजे. ‘बरं आहे, पाठवा’ एवढे पुरत नाही, निदान आकडे आणि शिफारशी तरी वाचून पक्क्या कराव्यात. दुसरे, मूळ मजकूर पत्राच्या खाली चिकटून जाता कामा नये. उतारा आणि मसुदा एकाच पानावर ठेवून काम करण्याची सवय असते आणि घाईत दोन्ही पाठवले जातात. मग गाळलेली कुजबुज वरच्या कार्यालयात सर्वांआधी वाचली जाते. मुद्रण स्वतंत्र ठेवावे, निर्णय होईपर्यंत जपावे आणि नंतर बँकेच्या नियमानुसार त्याची विल्हेवाट लावावी. ग्राहकाचा व्यवहार त्यात आहे; तो वैयक्तिक फोनमध्ये पडून राहणे योग्य नाही.

असे पत्र बरोबर उतरले की नाही, याची परीक्षा सोमवारी होते. दुसऱ्या गोदामात तीनशे पोती सापडली, तर पुढचे पत्र दोन ओळींचे: माल मिळाला, वाढीस शिफारस. सापडली नाहीत, तरी शुक्रवारच्या पत्रातले एकही वाक्य मागे घ्यावे लागत नाही, कारण जे पाहिले ते पाहिले म्हणून आणि जे ऐकले ते ऐकले म्हणूनच त्यात लिहिले होते.